‘बिफोर फूड’ म्हणजे नेमकं कधी?

*माझी आई ६८ वर्षांची. सांखळीजवळच्या गावात बाबांसोबत राहते. मराठी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही. मी वास्कोला असते, रविवारी जाते. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी तिला चार गोळ्या दिल्या. फार्मसीतून आलेल्या कागदी पाकिटांवर इंग्रजीत लिहिलं होतं: थायरॉइडच्या ५० च्या गोळीवर ‘एम्प्टी स्टमक’, पँटोप्रॅझोल ४० आणि ग्लिमेपिराइड १ वर ‘बिफोर फूड’, मेटफॉर्मिन ५०० वर ‘ट्वाइस डेली, आफ्टर फूड’. मी पहिल्या तिन्हींवर मराठीत ‘रिकाम्या पोटी’ लिहिलं, चौथीवर ‘खाल्ल्यावर, दिवसातून दोन वेळा’. आई सहाला उठून तिन्ही एकदम घेते. लगेच बिनसाखरेचा कोरा चहा आणि एक बिस्किट. साडेदहाला पेज, दीडला जेवण, रात्री साडेआठला जेवण. मेटफॉर्मिन पेजेनंतर आणि दुपारी जेवल्यावर. पंधरा दिवसांत तीनदा सकाळी नऊ-साडेनऊला तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरले. पेज खाल्ली की थांबतं. उपाशीपोटीची साखर मात्र १६८ आली. डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवावी लागेल. माझं लिहिताना काही चुकलं का?*

*— एक मुलगी, वास्को*

ताई, हे वाचून झालं की आधी डॉक्टरांना फोन करा आणि त्या तीन सकाळींबद्दल सांगा. गोळी वाढवण्याच्या आधी त्यांना हे कळायला हवं. नऊच्या सुमाराला घाम, थरथर, आणि खाल्ल्यावर बरं वाटणं, हे सगळं साखर उतरल्याचं लक्षण दिसतं. त्यांच्यापुढे आत्ता फक्त १६८ हा आकडा आहे. तेवढ्यावरून कुठलाही डॉक्टर साखर जास्त आहे असंच म्हणेल.

पुन्हा असं झालं तर काय करायचं ते बाबांना आजच सांगून ठेवा. घरात साखर मोजायचं यंत्र असेल तर लगेच बोट टोचून बघायचं. ७० च्या खाली आकडा म्हणजे साखर उतरली. यंत्र नसेल किंवा शोधण्यात वेळ जात असेल तर न मोजता तीन चहाचे चमचे साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून द्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, बरं नसेल तर तेवढीच साखर परत द्यायची. बरं वाटलं की तिथेच थांबायचं नाही, पेज किंवा पोळी असं पोटभरीचं काही खायला घालायचं, कारण ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर असतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. आई बरळायला लागली, हाकेला ओ देईना, गिळता येईना, तर तोंडात काहीही घालायचं नाही. १०८ ला फोन करायचा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. चूक झाली आहे, पण ती इंग्रजी न कळल्याची नाही. ‘बिफोर फूड’ हे दोनच शब्द पाकिटावर लिहून फार्मसीवाला मोकळा होतो. त्या दोन शब्दांत वेगवेगळ्या वेळा लपलेल्या असतात आणि कुठली वेळ कुठल्या गोळीची, हे पाकीट सांगत नाही. तुम्ही तिन्हींना एकच मराठी शब्द दिलात. मी ३१ वर्षं फार्मसीच्या काउंटरमागे उभी राहिले आहे. हे मी शेकडो घरांत होताना पाहिलं, आणि सुरुवातीची काही वर्षं माझ्याही हातून झालं.

एकेक गोळी घेऊ.

थायरॉइडच्या गोळीला ‘रिकाम्या पोटी’ हे तुमचं मराठी अगदी बरोबर आहे. त्या गोळीवरचे ५० हे मिलिग्रॅम नसून मायक्रोग्रॅम असतात. एका ग्रॅमचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे तिच्यातलं औषध. इतक्या थोड्या औषधातला थोडा जरी भाग चहाने, दुधाने किंवा कॅल्शियमने अडवून धरला तरी रक्तात जाणारं प्रमाण बदलतं. म्हणून ही गोळी नुसत्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास ते तासभर पाण्याशिवाय काही नाही. आई चहा ‘लगेच’ घेते असं तुम्ही लिहिलं आहे. तो कोरा असला तरी चहाच, तेव्हा तो पुढे ढकलायला हवा. पुढे कधी कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी सुरू झाली तर ती या गोळीपासून चार तास लांब ठेवायची. त्या गोळ्या कधी ना कधी बहुतेक बायकांच्या औषधांत येतात, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

पँटोप्रॅझोलचं ‘बिफोर फूड’ वेगळं आहे. या गोळीवर एक कवच असतं, ते जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळतं. तिथून औषध रक्तात जातं आणि रक्तातून परत जठराच्या पेशींपर्यंत पोचतं. त्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे पंप असतात आणि अन्न पोटात आलं की ते मोठ्या संख्येने कामाला लागतात. चालू असलेला पंपच हे औषध बंद करू शकतं. म्हणजे औषध आधी रक्तात पोचलेलं असायला हवं आणि मागोमाग खाणं यायला हवं. म्हणून खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी. तुमची आई सहाला गोळी घेते आणि खरं खाणं साडेदहाला येतं. मधलं एक बिस्किट म्हणजे खाणं नव्हे. गोळीने अपाय होत नाही, पण तिचा बराच गुण वाया जातो. कवच असल्यामुळे ही गोळी तोडून किंवा कुटून घ्यायची नाही. गिळायला त्रास होतो म्हणून कोणी तसं करत असेल तर डॉक्टरांना सांगून दुसरा प्रकार लिहून घ्यावा.

आणि ग्लिमेपिराइड. घाम फुटण्याचं मूळ इथे आहे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही हे ती बघत नाही. घेतल्यावर दोन-तीन तासांत तिचा जोर सगळ्यात जास्त असतो. सहाला घेतली म्हणजे आठ-नऊ वाजता इन्सुलिन भरपूर, आणि पोटात काय, तर एक बिस्किट. साखर खाली जाणारच. या गोळीला ‘बिफोर फूड’ म्हणजे पहिल्या भरपेट खाण्याच्या अगदी तोंडाशी: ताट समोर आलं, गोळी घेतली, पहिला घास उचलला. काही जण ती पहिल्या घासाबरोबरही घेतात, तेही चालतं. ‘रिकाम्या पोटी’ हा शब्द हिच्यावर कधीच लिहू नये. माणूस तो वाचतो, गोळी घेतो आणि मग निवांत बसतो, कारण रिकाम्या पोटीच्या गोळीनंतर लगेच खायचं नाही हे त्याला थायरॉइडच्या गोळीने शिकवलेलं असतं.

एवढं सांगितल्यावर आपल्या गोव्याची एक अडचण येते. इंग्रजीत कधी ‘बिफोर ब्रेकफास्ट’ असंही लिहितात. आपल्या गावातल्या बाईचा ब्रेकफास्ट कुठला? पदेर पों-पों करत आल्यावर चहाबरोबर मोडलेला पावाचा तुकडा, की साडेदहाची पेज? डॉक्टर शहरातला असेल, आठ वाजता पोळी-भाजी किंवा पोहे खाऊन घराबाहेर पडणारा, तर त्याच्या डोळ्यांपुढे आठ वाजताचा नाश्ता असतो. तुमच्या आईला मात्र पहिलं खरं अन्न मिळतं ते साडेदहाला. ही अडीच तासांची तफावत कुठल्याच पाकिटावर लिहिलेली नसते. ग्लिमेपिराइड घेणाऱ्याच्या बाबतीत सगळा धोका याच अडीच तासांत आहे. म्हणून डॉक्टरांना सांगताना ‘ब्रेकफास्टला घेते’ असं सांगू नका. ‘सहाला कोरा चहा आणि एक बिस्किट, साडेदहाला पेज’ असं घड्याळ आणि ताट दोन्ही सांगा.

आता ‘ट्वाइस डेली’. तुम्ही ‘दिवसातून दोन वेळा’ लिहिलंत, शब्दाला शब्द बरोबर. पण आपण ‘दिवस’ म्हणतो तेव्हा मनात उजेडाचा दिवस असतो, आणि इंग्रजीतला तो दिवस चोवीस तासांचा. दोन वेळा म्हणजे त्या चोवीस तासांचे साधारण दोन सारखे भाग, एक सकाळच्या बाजूला आणि एक रात्रीच्या. काटेकोर बारा तासच हवेत असं नाही, मेटफॉर्मिनला दहा तासांचं अंतरही चालतं कारण तिला जेवणाशी जोडायचं असतं. पण तुमच्या आईच्या दोन गोळ्या अकरा आणि दोन वाजता पोटात जातात. तीन तासांचं अंतर. मग दुसऱ्या दिवशीच्या अकरापर्यंत एकवीस तास काही नाही.

त्याचा परिणाम तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या आकड्यात दिसतो. आपण रात्रभर काही खात नाही तरी सकाळी रक्तात साखर असते, कारण यकृत ती रात्री हळूहळू सोडत राहतं. मधुमेहात ते जास्तच सोडतं. मेटफॉर्मिनचं मोठं काम त्या यकृताला आवरण्याचं आहे. रात्रीची गोळीच नसेल तर पहाटे यकृत मोकळं, आणि सकाळी उपाशीपोटी १६८. म्हणजे एकाच बाईला पहाटे साखर जास्त आणि नऊला साखर कमी. डॉक्टरांनी फक्त सकाळचा आकडा बघून ग्लिमेपिराइड १ ची २ केली असती, तर नऊ वाजताची थरथर दुप्पट जोराने आली असती. घरात बाबा एकटेच, तुम्ही वास्कोला. म्हणून पहिल्याच ओळीत फोन करायला सांगितलं.

मेटफॉर्मिनच्या ‘आफ्टर फूड’बद्दल फार सांगण्यासारखं नाही. जेवताजेवता किंवा जेवण झाल्याबरोबर घ्यायची. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, पोट बिघडतं. जेवून दोन तास झाल्यावर आठवली तर ते ‘आफ्टर फूड’ राहत नाही. आईला दुपारी जुलाब किंवा पोटात गुडगुड होते का तेही विचारा. तीन तासांत दोन गोळ्या गेल्यावर तसं होऊ शकतं, आणि बायका ते गोळीला न लावता हुमणाला लावतात.

‘दोन वेळा’ आणि ‘दोन’ यातला फरकही एकदा नीट सांगायला हवा, कारण तो माझ्या मनावर कोरला गेला आहे. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी सत्तरीतली एक म्हातारी औषध न्यायला आली. काउंटरवर गर्दी होती. पाकिटावर मी इंग्रजीत लिहिलं आणि तोंडाने कोकणीत सांगितलं, “दिसाक दोन गुळयो.” आठवड्याने ती मुलाच्या खांद्याला धरून आली, डोकं गरगरत होतं. रक्तदाबाच्या दोन गोळ्या ती रोज सकाळी एकदमच घेत होती. मी विचारलं तर म्हणाली, “तुमीच सांगलें न्हय, दिसाक दोन?” तिचं बरोबर होतं. मी सांगितलं होतं ते तिने तंतोतंत केलं होतं. त्या दिवसापासून मी ‘दिवसाला दोन’ हे शब्द कधी उच्चारले नाहीत. ‘एक सकाळी, एक रात्री’ एवढंच सांगते. तुम्हीही आईसाठी लिहाल तेव्हा ‘दोन’ हा शब्दच टाळा. प्रत्येक गोळीपुढे ‘एक’ आणि तिची वेळ लिहा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर याच गोष्टीसाठी आकडे असतात, तेही ओळखून ठेवा. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. मधलं शून्य दुपारचं. ट्वाइस डेलीपेक्षा हे मला केव्हाही बरं वाटतं, कारण ते चौथी शिकलेल्या बाईलाही एकदा दाखवलं की वाचता येतं. पाकिटावरचे शब्द आणि चिठ्ठीवरचे आकडे जुळतात का ते बघायचं. तुमच्या आईच्या मेटफॉर्मिनपुढे चिठ्ठीत बहुतेक १-०-१ असेलच, मग दुपारची गोळी चिठ्ठीतच नव्हती हे तुम्हाला लगेच दिसेल. गोळीच्या पट्टीवर मात्र या सूचना शोधू नका. आपल्याकडच्या बहुतेक पट्ट्यांवर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घ्या, अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ असते, बाकी नाव, ताकद, किंमत आणि मुदत.

मग आईचा दिवस कसा लावायचा? दोन वाटा आहेत. एक म्हणजे तिला आठ वाजता पोटभर नाश्ता करायला लावायचा आणि गोळ्या त्याला जोडायच्या. डॉक्टर कदाचित हेच सुचवतील. दुसरी म्हणजे तिची पेज आहे तिथेच ठेवायची आणि गोळ्या पेजेकडे सरकवायच्या. माझं मत दुसऱ्या वाटेला आहे. ६८ वर्षांची सवय चार दिवस बदलते आणि पाचव्या दिवशी परत येते. त्या पाचव्या दिवशी गोळी आठला पोटात गेलेली असेल आणि पेज साडेदहालाच येईल. पण निर्णय डॉक्टरांचा. तुम्ही पुढचं वेळापत्रक त्यांना वाचून दाखवा आणि ते हो म्हणाले की मगच लागू करा. तोवर, आजपासून, एवढं तरी पाळा की ग्लिमेपिराइड अन्न समोर असल्याशिवाय तोंडात जाणार नाही.

सहाला उठल्यावर थायरॉइडची गोळी पाण्याबरोबर. आई त्यानंतर झाडलोट, आंघोळ, देवपूजा करत असेल. चहा त्यानंतर, पदेर येऊन गेल्यावर. तोवर साडेसहा-सात होतातच, म्हणजे अर्धा ते एक तास आपोआप पाळला जातो. घड्याळ बघायला नको.

पुढच्या तीन गोळ्यांना पेजेचं भांडंच घड्याळ म्हणून पुरतं. उकड्या तांदळाची पेज शिजायला अर्धा-पाऊण तास लागतो. भांडं चुलीवर चढलं की पँटोप्रॅझोल. पेज वाटीत वाढून, तोंडी लावायला सुका बांगडा किंवा लोणचं घेऊन आई बसली की ग्लिमेपिराइड, आणि लगेच पहिला घोट. पेज संपली की उठण्याआधी मेटफॉर्मिन. दुपारी जेवताना कुठलीच गोळी नाही. संध्याकाळी तुळशीकडे दिवा लावून झाल्यावर रात्रीचं जेवण होतं, ते संपलं की दुसरी मेटफॉर्मिन.

या लावणीत एक जागा नाजूक आहे, ती सांगते. पेज चुलीवर आहे आणि दारात कोणी आलं, बोलण्यात तास गेला, तर पँटोप्रॅझोलचं काही बिघडत नाही. ग्लिमेपिराइड मात्र वाटी हातात आल्याशिवाय घ्यायचीच नाही, मग पेजेला बारा वाजले तरी चालेल. आणि पेजच नाही त्या दिवशी? एकादशी, श्रावणी सोमवार, हरताळका. आपल्या बायका चतुर्थीच्या आदल्या दिवशी निर्जळी उपास करतात आणि वर चूलही सांभाळतात. न खाता ही गोळी घ्यायची नाही, हे पक्कं. पण कुठल्या उपासाला कुठली गोळी किती, हे डॉक्टरांना आत्ताच, सण येण्याआधी विचारून कागदावर लिहून घ्या. ताप-उलटीने अन्न जात नसेल तेव्हाही तेच, त्या दिवशी फोन करून विचारायचं. मेटफॉर्मिनसुद्धा तशा दिवसांत कधी थांबवावी लागते.

गोळी विसरली तर भरपाई म्हणून पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. सकाळची ग्लिमेपिराइड राहिली आणि रात्री आठवली, तर ती रात्री मुळीच घ्यायची नाही. झोपेत साखर उतरली तर कोणाला कळणारही नाही.

आता कागद. तुमचं मराठी पाकिटावर होतं, आणि पाकिटं बदलतात. पट्टी या पाकिटातून काढली, त्या पाकिटात गेली, असं प्रत्येक घरात होतं. म्हणून एका पुठ्ठ्यावर जाड अक्षरात वरून खाली आईचा दिवस लिहा: ‘उठल्यावर, पाण्याबरोबर, एक’, ‘पेज चुलीवर ठेवल्यावर, एक’, ‘पेजेची वाटी समोर आल्यावर, एक’, ‘पेज संपल्यावर, एक’, ‘रात्री जेवल्यावर, एक’. पुठ्ठा चुलीजवळ लावा, कपाटाच्या दारावर नको, कारण आईचा सकाळचा वेळ तिथे जातो. त्याच पाच ओळींना तुमच्या मनाने १ ते ५ आकडे द्या आणि पट्ट्यांच्या मागे, मुदतीची तारीख झाकणार नाही अशा जागी, मार्करने तोच आकडा लिहा. मेटफॉर्मिनच्या पट्टीवर ४ आणि ५ दोन्ही येतील. थायरॉइडची गोळी बाटलीत आली असेल तर ती बाटलीतच राहू दे, डबीत काढून ठेवू नका. तिला ओल आणि उजेड सोसत नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात डबीत मिठालासुद्धा पाणी सुटतं.

पुढच्या महिन्यात औषध आणाल तेव्हा पट्टीचा रंग आणि कंपनीचं नाव वेगळं असू शकतं. तिथे घाबरायचं नाही, पण आतलं नाव आणि आकडा जुळवायचा. ग्लिमेपिराइडच्या नावापुढे ‘एम’ हे अक्षर आणि १ आकडा दिसला तर थांबा आणि विचारा. तशा गोळीत बहुधा ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन दोन्ही एकत्र असतात. ती घेऊन वर वेगळी मेटफॉर्मिन चालू ठेवली तर औषध दुप्पट होतं. मेटफॉर्मिनपुढे ‘एस.आर.’ किंवा ‘एक्स.आर.’ असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी आहे. ती कुटायची नाही, चावायची नाही, आणि तिची वेळही वेगळी असू शकते. फार्मसीत काउंटरवर पट्टी कापून घेत असाल तर नाव आणि मुदत असलेला तुकडा मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, देणाऱ्याला त्यात दोन सेकंदही जात नाहीत.

नवी लावणी सुरू झाल्यावर एक-दोन आठवडे आईची साखर तीन वेळा मोजून वहीत लिहा: सकाळी उठल्यावर, नऊच्या सुमाराला, आणि पेजेनंतर दोन तासांनी. रोज तिन्ही नको, बोटं दुखतात. एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरी, अशी आळीपाळीने चालेल. रात्रीची मेटफॉर्मिन सुरू झाल्यावर सकाळचा आकडा उतरू लागतो का आणि नऊची थरथर थांबते का, हे त्या वहीत दिसेल. नऊ वाजता ७० च्या खाली एकदा जरी आकडा आला तरी आठवडा पुरा होण्याची वाट न बघता कळवा. आणि वेळा नीट पाळूनही सकाळची साखर चढीच राहिली, तर डॉक्टरांनी गोळी वाढवणं योग्यच ठरेल, तेव्हा अडवू नका. थायरॉइडच्या गोळीची वेळ आणि चहाचं अंतर बदललं म्हणजे रक्तातलं प्रमाणही बदलू शकतं, तेव्हा सहा ते आठ आठवड्यांनी टी.एस.एच. तपासायचं का, हेही त्याच भेटीत विचारा.

रविवारी गेलात की आईला पुठ्ठा वाचून दाखवू नका. तिला चुलीजवळ उभी करा आणि विचारा, “आई, भांडं ठेवलंस, आता कुठली गोळी?” ती स्वतः पट्टी उचलून दाखवील. चुकली तर पुठ्ठ्यावरची ती ओळ बदला.